रंग देण्याआधी खुंटी कुठे आहे ते पाहा

सोसायटीच्या मेन्टेनन्सचं वर्षभराचं रजिस्टर एक्सेलमध्ये तयार आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेआधी ते छापण्याजोगं करायचं आहे, असं समजा. तीन इमारती, २४० सदनिका. पहिल्या ओळीत सोसायटीचं नाव, तिसऱ्या ओळीत मथळे, चौथ्या ओळीपासून २४३व्या ओळीपर्यंत सदनिका आणि २४४व्या ओळीत बेरीज. A स्तंभात अनुक्रमांक, B मध्ये सदनिका क्रमांक, C मध्ये नाव, D मध्ये मागील बाकी, E पासून P पर्यंत एप्रिल ते मार्च असे बारा महिने आणि Q मध्ये एकूण. आता रकमा दोन दशांशांत हव्यात, चौकटी हव्यात, मथळे ठळक हवेत.

हे करायला बसलेला माणूस थेट वरच्या पट्टीतल्या रंगांकडे आणि रेषांकडे वळतो. पण त्या बटणांना काय करायचं एवढंच कळतं, कुठे करायचं ते कळत नाही. ते आधी आपण सांगायचं असतं, घरं निवडून. बिघडलेली बहुतेक कोष्टकं चुकीच्या बटणामुळे नाही, चुकीच्या निवडीमुळे बिघडलेली असतात, म्हणून या निवडीकडेच नीट पाहू.

सुरुवात माउसच्या खुणेपासून करावी लागते, कारण एकाच घरावर ती तीन रूपं घेते. घराच्या मधोमध ती जाड पांढऱ्या अधिक-चिन्हासारखी दिसते आणि निवड फक्त तेव्हाच होते. घराच्या कडेवर गेली की तिला चारही दिशांचे बाण फुटतात. तेव्हा ओढलं तर मजकूर निवडला जात नाही, उचलून दुसरीकडे नेला जातो. आणि निवडलेल्या घराच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन असतो, तिथे खूण काळी आणि सडपातळ होते. या काळ्या अधिकाने ओढलं की वरच्या घरातली रक्कम खालच्या प्रत्येक घरात उतरते.

तिन्हींत हे तिसरं रूप मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं. मजकूर उचलून भरलेल्या घरांवर टाकायला गेलात तर निदान एक्सेल विचारतं की इथे आधीच काही आहे, बदलायचं का. काळ्या अधिकाने ओढताना ते काहीच विचारत नाही. D4 मध्ये १,५०० बाकी असेल आणि ‘निवडायला’ म्हणून तुम्ही तिथून खाली ओढत गेलात, तर २४० सभासदांच्या नावावर १,५००ची बाकी चढते. सगळी घरं भरलेली आणि नीटनेटकी दिसतात, त्यामुळे घोटाळा चटकन नजरेत भरत नाही. ओळखायची खूण म्हणजे एकसारखे आकडे आणि अचानक बदललेली बेरीज. लगेच लक्षात आलं तर Ctrl+Z दाबून सगळं पूर्ववत होतं. फाइल बंद करून उद्या उघडलीत तर ती सोय राहत नाही.

लहान कोष्टकात माउसने ओढून निवडणं ठीक आहे. २४० ओळींत मात्र ते हाताबाहेर जातं. खूण पडद्याच्या तळाला टेकली की ओळी भराभर सरकू लागतात आणि थांबेपर्यंत आपण पाचशेव्या ओळीवर पोचलेलो असतो. इथे शिफ्टची कळ कामाला येते.

D4 वर एकदाच क्लिक करा. दोनदा करू नका, कारण मग घर लिहिण्यासाठी उघडतं आणि निवड सुरूच होत नाही. आता माउसच्या चाकाने किंवा उजवीकडच्या सरकपट्टीने खाली जा. या वाटेत दुसऱ्या कुठल्याही घरावर क्लिक करायचं नाही आणि बाणांच्या कळाही वापरायच्या नाहीत, कारण दोन्हींनी सुरुवातीचं घर बदलतं. Q243 दिसलं की शिफ्ट दाबून धरा आणि त्यावर क्लिक करा. D4 पासून Q243 पर्यंतचा सगळा आयत निवडला जातो.

यात D4 ही ठोकलेली खुंटी आहे आणि शिफ्टसह केलेलं क्लिक म्हणजे तिला बांधलेल्या दोरीचं मोकळं टोक. शिफ्ट धरून पुन्हा कुठेही क्लिक केलंत तरी खुंटी हलत नाही, फक्त टोक सरकतं. म्हणून चुकून Q244 वर क्लिक झालं आणि बेरजेची ओळही आत आली, तर सगळं सोडून वर परतायची गरज नाही. शिफ्ट तशीच धरून Q243 वर क्लिक केलं की निवड एक ओळ आखडते. एकेक घराने वाढवायची किंवा कमी करायची असेल तर शिफ्टसोबत बाणाच्या कळाही चालतात. पण सुरुवातच D4 ऐवजी D3 वरून झाली असेल, तर मात्र शिफ्टने ती दुरुस्त होणार नाही. खुंटी नव्याने ठोकावी लागते, म्हणजे शिफ्ट सोडून D4 वर साधं क्लिक करावं लागतं.

खुंटी कुठे आहे हे पडद्यावर दोन ठिकाणी दिसतं. निवडलेला भाग करडा होतो, पण त्यातलं एक घर पांढरंच राहतं. तीच खुंटी. सूत्रपट्टीच्या डावीकडच्या छोट्या चौकटीतही, जिला नेम बॉक्स म्हणतात, तिचाच पत्ता असतो. शेवटचं क्लिक करून बोट लगेच उचलू नका. माउसचं बटण दाबलेलं असेपर्यंत त्या चौकटीत `240R x 14C` असं दिसतं, म्हणजे २४० ओळी आणि १४ स्तंभ. 241R दिसलं तर एक ओळ जास्त आली आहे, हे तिथेच कळतं. लिबरऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांना खालच्या पट्टीत ओळी आणि स्तंभांची संख्या लिहून येते, आणि बटण सोडल्यावरही ती टिकते.

एक्सेलच्या खालच्या पट्टीतही एक पडताळणी आहे. निवड झाली की तिथे `Count` आणि `Sum` दिसतात. `Count` म्हणजे निवडीतली रिकामी नसलेली घरं. आपल्या आयतात १४ गुणिले २४० म्हणजे ३,३६० घरं आहेत. सगळी भरलेली असतील तर तोच आकडा यायला हवा. एकट्या जुलैचा स्तंभ, म्हणजे H4 ते H243, निवडून `Count` २२८ आला तर बारा जणांची घरं रिकामी आहेत. रंग देण्यासाठी केलेल्या निवडीतून थकबाकीदारांचा आकडा हाती येतो, आणि खजिनदाराला त्याचा उपयोग वेगळा सांगायला नको.

अशी रिकामी घरं असल्यामुळेच इथे दुसरी एक लोकप्रिय युक्ती फसते. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून खालचा बाण दाबला की निवड मजकुराच्या शेवटापर्यंत एका उडीत जाते, असं सांगितलं जातं. खरं तर ती पहिल्या रिकाम्या घराच्या अलीकडे थांबते. H61 रिकामं असेल तर निवड H60 पर्यंतच जाते, आणि ती ओळ पडद्यावर शेवटची दिसत असल्याने काम झालं असं वाटतं. मग साठाव्या ओळीपर्यंत रकमा दोन दशांशांत येतात आणि पुढच्या जशाच्या तशा राहतात. खंड नसलेल्या स्तंभात, जसा इथला अनुक्रमांकाचा, ही युक्ती उत्तम आहे. रकमांसाठी मी शिफ्ट आणि क्लिकवरच भरवसा ठेवेन.

पूर्ण स्तंभ निवडायचा असेल तर वरच्या अक्षरावर क्लिक करतात, पूर्ण ओळ हवी असेल तर डावीकडच्या आकड्यावर. शिफ्टचा नियम इथेही तोच आहे. D वर क्लिक करून शिफ्टसह Q वर क्लिक केलं की चौदाही स्तंभ येतात. सोयीचं आहे, पण पूर्ण स्तंभ म्हणजे खरोखर पूर्ण. २००७ सालच्या आवृत्तीपासून एक्सेलच्या पानावर १०,४८,५७६ ओळी आहेत. अशा स्तंभांना चौकटी दिल्या तर कोष्टक २४४व्या ओळीला संपतं, रेषा मात्र खाली लाखो ओळी चालत राहतात. तसंच तिसऱ्या ओळीच्या आकड्यावर क्लिक करून पिवळा रंग दिला तर पट्टा Q पाशी थांबत नाही, उजवीकडे पानाच्या टोकापर्यंत जातो. चौकटी आणि रंग नेहमी मोजक्या आयतालाच द्यावेत.

पूर्ण स्तंभ निवडायची खरी जागा आहे ती मजकूर भरण्याआधी. सदनिका क्रमांक ३-१२ असा असेल, म्हणजे तिसऱ्या इमारतीतली बारा नंबरची सदनिका, तर एक्सेल ती तारीख समजतं आणि घरात ३ डिसेंबर उमटतो. नंतर तो स्तंभ निवडून त्याचा प्रकार `Text` केलात तरी ३-१२ परत येत नाही. तारखेमागचा पाच आकडी क्रमांक तेवढा दिसतो, आणि सगळं पुन्हा टाइप करावं लागतं. म्हणून कोऱ्या पानावर आधी B च्या अक्षरावर क्लिक करावं, प्रकार `Text` करावा आणि मगच पहिला क्रमांक लिहावा. शून्याने सुरू होणाऱ्या फोन नंबरांनाही हेच लागू पडतं.

मथळ्यांची ओळ आणि बेरजेची ओळ एकदम ठळक करायची असेल तर शिफ्ट उपयोगी नाही, कारण ती मधलं सगळं आत घेते. A3 ते Q3 निवडा, मग कंट्रोल धरून A244 ते Q244 ओढा. कंट्रोल निवडीत वेगळा तुकडा जोडते. जुन्या आवृत्त्यांत चुकून जोडलेला तुकडा एकटा काढता येत नाही, निवड पहिल्यापासून करावी लागते. अलीकडच्या आवृत्तीत कंट्रोल धरून त्याच घरावर पुन्हा क्लिक केलं की ते निवडीतून सुटतं.

सदनिका विकून गेलेल्या सभासदांच्या ओळी काही जण लपवून ठेवतात. शिफ्टचा आयत त्या ओळींवरूनही जातो. रंग लागला तर फारसं बिघडत नाही. पण तीच निवड ठेवून Delete दाबलं तर लपलेल्या ओळींतला मजकूरही जातो, आणि तो गेलेला दिसत नाही. डावीकडच्या आकड्यांत ५७ नंतर एकदम ६० आला तर मधल्या ओळी लपलेल्या आहेत. अशा वेळी आयत निवडल्यावर Alt आणि ; या कळा एकत्र दाबाव्यात, म्हणजे दिसणारी घरंच निवडीत उरतात.

कुणीतरी घाईत २,०००व्या ओळीपर्यंत ओढून चौकटी दिल्या असतील, तर छपाईआधीच्या दृश्यात रिकाम्या चौकटींची पानंच्या पानं दिसतात. Ctrl+End दाबून पाहा. खूण Q244 ऐवजी Q2000 वर गेली तर पानांचं कारण हेच. रेषा एकेक करून पुसत बसू नका. डावीकडच्या २४५ या आकड्यावर क्लिक करा, सरकपट्टीने खाली जा, शिफ्ट धरून २००० या आकड्यावर क्लिक करा, निवडलेल्या आकड्यांवरच उजवं बटण दाबून `Delete` घ्या आणि फाइल सेव्ह करा. पुन्हा Ctrl+End दाबल्यावर खूण Q244 वर थांबली, की छापायला हरकत नाही.