अभिप्रायाचे उत्तर आणि सेवेचे नाव

मे महिन्यातील नागपूर. दुपारी घरातील एसी थंड हवा देईनासा होतो आणि आतल्या युनिटमधून पाणी टपकू लागते. घरातील कोणीतरी भ्रमणध्वनी उचलून गुगलवर जवळच्या दुरुस्तीच्या दुकानाचा शोध घेते. दोन दुकाने समोर येतात. दोघांचेही तारे जवळजवळ सारखे असतात. मग शोध घेणारी व्यक्ती अभिप्राय वाचू लागते, आणि त्याखाली दुकानदाराने दिलेली उत्तरेही वाचते. फोन कोणाला करावयाचा याचा निर्णय पुष्कळदा येथेच होतो.

आपल्या बँकेचे अनेक ग्राहक लहान व्यावसायिक आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या व्यवसायाची नोंद ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’वर आढळते. (२०२१ पर्यंत या सुविधेचे नाव ‘गुगल माय बिझनेस’ असे होते.) या नोंदीवर आलेल्या अभिप्रायांना उत्तर देताना सेवेचे नाव कसे यावे, एवढ्याच मुद्द्याचा विचार या लेखात केला आहे.

गैरसमज कोठून येतो?

उत्तर देण्याची कृती सोपी आहे. नोंदीशी जोडलेल्या खात्यातून प्रवेश करून गुगलवर आपल्या व्यवसायाचे नाव शोधावे, `Read reviews` उघडावे आणि संबंधित अभिप्रायाखालील `Reply` दाबून मजकूर लिहावा. उत्तर सर्वांना दिसते. अभिप्राय लिहिणाऱ्या ग्राहकास त्याची सूचना जाते. लिहिलेले उत्तर नंतर बदलता किंवा काढून टाकताही येते.

अडचण मजकुराची असते. उत्तरात सेवेची नावे जितकी जास्त, तितके दुकान शोधात वर येईल, असा सल्ला अनेकांना मिळालेला असतो. त्यातून पुढीलप्रमाणे उत्तरे जन्माला येतात :

“नागपूरमधील सर्वोत्तम एसी दुरुस्ती सेवेला पसंती दिल्याबद्दल धन्यवाद. स्प्लिट एसी दुरुस्ती, विंडो एसी दुरुस्ती, एसी गॅस भरणे, एसी सर्व्हिसिंग आणि नागपूरमधील स्वस्त एसी दुरुस्तीसाठी पुन्हा अवश्य संपर्क साधा.”

गुगलने स्थानिक शोधातील क्रमासाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत : शोधलेल्या शब्दांशी व्यवसायाची सुसंगती, शोध घेणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. ग्राहकांच्या अभिप्रायांची संख्या व त्यांतील तारे यांचा विचार प्रसिद्धीत होतो. दुकानदाराच्या उत्तरात सेवेचे नाव किती वेळा आले यावर क्रम ठरतो, असे मात्र गुगलने म्हटलेले नाही. उलट, उत्तर लहान व सभ्य असावे आणि त्यात जाहिरात करू नये, असेच त्याचे मार्गदर्शन आहे. म्हणजे वरील उत्तरातून मिळणारा लाभ अनिश्चित आहे, परंतु हानी निश्चित आहे. ते वाचणाऱ्याला एवढेच समजते की, दुकानदाराने अभिप्राय वाचलेला नाही.

मग सेवेचे नाव उत्तरात आणूच नये काय? अवश्य आणावे, परंतु ते पुढच्या वाचकासाठी. ज्याच्या घरी पाणी टपकत आहे त्याला, या दुकानाने हेच काम पूर्वी केले आहे काय आणि कसे केले, हे जाणून घ्यावयाचे असते.

शब्द कामाच्या नोंदवहीतून यावा

समजा, एका ग्राहकाने पुढील अभिप्राय लिहिला आहे : “एसीतून पाणी गळत होते. मुलगा वेळेवर आला, अर्ध्या तासात काम केले. पैसेही वाजवी घेतले.”

उत्तर लिहिण्यापूर्वी त्या दिवशीच्या कामाची नोंद पाहावी. नोंदीत असे आहे की, आतल्या युनिटमधील पाणी बाहेर नेणारी नळी धूळ व शेवाळ साचून तुंबली होती. ती मोकळी केली आणि जाळी धुतली. आता उत्तर असे लिहिता येईल :

“आपण वेळ काढून लिहिलेत, याबद्दल आभारी आहोत. पाणी बाहेर नेणारी नळी धुळीने तुंबल्यामुळे एसीतून पाणी गळत होते. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी जाळी धुतल्यास ही तक्रार सहसा लवकर उद्भवत नाही. तरीही पाणी दिसल्यास कळवावे, येऊन पाहू.”

या उत्तरात ‘एसीतून पाणी गळणे’ हे शब्द एकदाच आले आहेत आणि तेही ग्राहकाच्याच भाषेत. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुकानदार सेवेचे नाव घेतो, तर ग्राहक तक्रारीचे नाव घेतो. दुकानदाराच्या फलकावर ‘ड्रेन क्लीनिंग’ असते. ग्राहक मात्र ‘पाणी गळते’ असेच म्हणतो आणि शोधतोही बहुधा तसेच. म्हणून तक्रारीचा शब्द ग्राहकाकडून घ्यावा, केलेल्या कामाचा शब्द नोंदवहीतून घ्यावा आणि ‘यामुळे ते होत होते’ अशा साध्या वाक्यात दोन्ही जोडावेत. कारण सांगणाऱ्या वाक्यात सेवेचे नाव आपोआप बसते. आभाराच्या वाक्यात ते बसवावयास गेले की ओढूनताणून आणल्यासारखे वाटते.

शहराच्या किंवा वस्तीच्या नावाबाबतही हाच नियम लावावा. ग्राहकाने स्वतः ‘धरमपेठेत लगेच आले’ असे लिहिले असेल, तर उत्तरात धरमपेठेचा उल्लेख स्वाभाविक ठरतो. त्याने तो केला नसेल, तर आपणही करू नये. एक तर तो चिकटवलेला दिसतो. शिवाय ग्राहक कोठे राहतो हे जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

भाषा ग्राहकाची असावी. नागपुरात अभिप्राय मराठीत येतात, तसे हिंदीतही येतात. हिंदी अभिप्रायाला हिंदीतच उत्तर दिल्यास सेवेचे नावही आपोआप त्या वाचकाच्या शब्दांत उतरते.

तक्रारीचे उत्तर

खरी कसोटी प्रतिकूल अभिप्रायाच्या वेळी लागते. “गॅस भरण्याचे पैसे घेतले. आठवडाभरात पुन्हा थंडावा गेला. दोनदा फोन केला, कोणी आले नाही.” या ठिकाणी ‘आमची एसी गॅस भरण्याची सेवा नागपुरात विश्वसनीय मानली जाते’ असे लिहिणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय.

एसीतील गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो; कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरला, तर तो पुन्हा निघून जाणार हे उघड आहे. कामाच्या नोंदीत गळतीच्या तपासणीचा उल्लेख नसेल, तर चूक मान्य करणेच योग्य ठरते :

“आपल्याला आठवडाभरातच पुन्हा उकाडा सोसावा लागला आणि आपल्या दोन फोननंतरही आमच्याकडून कोणी आले नाही, याबद्दल दिलगीर आहोत. गॅस भरण्यापूर्वी गळती तपासावयास हवी होती. ती त्या दिवशी तपासली गेली नाही. आमचे तंत्रज्ञ येऊन नायट्रोजनच्या दाबाने नळीचे सांधे तपासतील, गळती बंद करतील आणि मगच गॅस भरतील. यासाठी पुन्हा पैसे घेतले जाणार नाहीत. आपल्या सोयीची वेळ दुकानाच्या क्रमांकावर कळवावी.”

या उत्तरात गॅस भरणे, गळती तपासणे, नायट्रोजनचा दाब, नळीचे सांधे असे कामाचे कितीतरी शब्द आले आहेत. तरीही ते भरल्यासारखे वाटत नाहीत, कारण प्रत्येक शब्द काहीतरी सांगतो. हे वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला दोन गोष्टी कळतात : काम कसे व्हावयास हवे हे दुकानदाराला ठाऊक आहे, आणि चूक झाल्यास तो ती निस्तरतो. दुरुस्तीचे हे आश्वासन कोणत्याही अटीविना असावे. ‘अभिप्राय बदला, मग येतो’ किंवा ‘तारे वाढवा, सवलत देतो’ असे म्हणणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे.

भरणा झाला हे कसे ओळखावे?

यासाठी तीन साध्या चाचण्या पुरेशा आहेत. पहिली, उत्तर मोठ्याने वाचावे. दुकानात समोर उभ्या असलेल्या ग्राहकाला आपण हे वाक्य याच शब्दांत बोललो असतो काय, असे स्वतःस विचारावे. ‘नागपूरमधील स्वस्त एसी दुरुस्ती’ असे कोणीही समोरासमोर बोलत नाही. दुसरी, हेच उत्तर दुसऱ्या अभिप्रायाखाली ठेवून पाहावे. तेथेही ते तितकेच शोभत असेल, तर ते या ग्राहकासाठी लिहिलेले नाही. तिसरी, आपली शेवटची पाच उत्तरे एकाखाली एक वाचावीत. एकच शब्दसमूह प्रत्येकात त्याच जागी आला असेल, तर वाचकालाही तो दिसणारच. प्रत्येक उत्तर वेगळे पाहताना निर्दोष वाटते. दोष रांगेत दिसतो.

ग्राहकाने केवळ तारे दिले आणि मजकूर लिहिला नाही, तर आभाराचे एक वाक्य पुरे. तेथे सेवेचे नाव तर्काने घालू नये. चुकीचे काम लिहिले गेल्यास आपण ग्राहकाला ओळखतच नाही, हे उघड होते.

मग सेवांची यादी कोठे द्यावी?

आपण करीत असलेली सर्व कामे वाचकास कळावीत ही अपेक्षा रास्त आहे. त्यासाठी नोंदीत स्वतंत्र जागा आहेत. व्यवसायाचा मुख्य प्रकार अचूक निवडावा. सेवांच्या यादीत प्रत्येक काम वेगळे लिहावे. व्यवसायाच्या वर्णनासाठी ७५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात कामाचे स्वरूप सरळ वाक्यांत सांगावे. दुकानाच्या नावापुढे मात्र सेवांची शेपटी जोडू नये. फलकावर नसलेले शब्द नावात घालणे नियमबाह्य असून त्यामुळे नोंद स्थगित होऊ शकते.

ग्राहकाच्या स्वतःच्या शब्दांना या सर्वांहून अधिक मोल आहे. शोधलेला शब्द एखाद्या अभिप्रायात असेल, तर गुगल कधीकधी ते वाक्य दुकानाच्या नावाखालीच दाखवते. म्हणून काम संपल्यावर ‘कोणते काम करून घेतले, तेही लिहा’ एवढी विनंती करावी. मजकूर मात्र आपण सांगू नये आणि त्याबदली काही देऊही नये.

जाता जाता आपल्या सहकाऱ्यांसाठी एक शब्द. शाखेच्या नोंदीवर कोणी कर्जाविषयी वा लॉकरविषयी लिहिले, तर तेथे कामाचा तपशील देण्याचा वरील नियम लागू होत नाही. समोरची व्यक्ती आपली खातेदार आहे, हेदेखील जाहीर उत्तरात मान्य करू नये आणि खाते क्रमांक तर मुळीच मागू नये. खेद व्यक्त करून शाखेत येण्याची वा अधिकृत तक्रार मार्गाने कळविण्याची विनंती करावी. दुरुस्तीच्या दुकानाने नळी कोठे तुंबली हे सांगितल्याने विश्वास वाढतो. बँकेने मात्र न सांगितल्यानेच तो टिकतो.