शेतांत आलेल्या बीची वाट

महसूल खात्यांत कारकुनाची नोकरी करीत असतां पीकपाहणीच्या निमित्तानें कल्याणच्या आसपास बांधांवरून पुष्कळ हिंडणें झालें. त्या वेळीं एक प्रश्न शेतकऱ्यांच्या तोंडून वारंवार ऐकूं येई : "आम्ही पेरलें नाहीं, शेजाऱ्यानें पेरलें नाहीं, मग हें उगवलें कोठून ?" प्रश्न साधा असला तरी त्याचें उत्तर निंदणीच्या खर्चाशीं जोडलेलें आहे. बी कोणत्या वाटेनें येते हें कळलें म्हणजे ती वाट कोठें अडवावी हें ठरवितां येतें. तें न कळल्यास दरसाल तेंच तण उपटीत बसावें लागतें. ही वाट ओळखण्याच्या खुणा दोन आहेत. एक खूण फळाच्या घडणींत असते, व दुसरी रोपें शेतांत कोणत्या रीतीनें उभीं आहेत ह्यांत असते. ठाणें-कल्याणच्या बाजूचीं नेहमींच्या पाहण्यांतलीं कांहीं झाडें घेऊन ह्या दोन्ही खुणा येथें सांगतों.

प्रथम वारा. रुईचें फळ उन्हाळ्यांत सुकलें म्हणजे एकाच शिवणीवर उकलतें. आंत चपट्या बिया छपरावरील कौलांप्रमाणें एकीवर एक रचलेल्या असतात, आणि प्रत्येक बीच्या टोंकाला रेशमासारख्या केसांचा झुबका असतो. फळ मिटलेलें असेपर्यंत हे केस दाबलेले असतात. उकलून हवा लागतांच ते फुलतात, व बी छत्री धरल्यासारखी तरंगत जाते. केस भिजले तर ते एकमेकांस चिकटतात आणि बी जागींच पडते. म्हणून हें फळ कोरड्या दिवसांत उकलतें हेंच त्याच्या सोयीचें आहे. ऐनाची तऱ्हा निराळी. त्याचें फळ जड असून त्यास पांच पंख असतात. पंखांमुळें तें गिरक्या घेत हळू उतरतें, आणि तेवढ्या वेळांत वारा त्यास थोडें बाजूला नेतो. सारांश, केसाळ बी दूर जाते, व पंखाचें जड फळ आईच्या आसपासच पडतें. रुईचीं रोपें कुंपणाच्या, दगडांच्या राशीच्या किंवा बांधाच्या आडोशाला विखुरलेलीं दिसतात, कारण वारा जेथें अडतो तेथेंच तो आपलें ओझें टाकतो. अशा तणासाठीं आपलें शेत कितीही स्वच्छ ठेवलें तरी पुरत नाहीं. वाऱ्याच्या बाजूच्या पडीत जमिनींतील झाडें फळें उकलण्यापूर्वीं काढलीं पाहिजेत.

दुसरी वाट पाण्याची. नारळ हें तिचें सर्वांच्या परिचयाचें उदाहरण. त्याच्या काथ्यांत हवा भरलेली असल्यामुळें तो बुडत नाहीं, करवंटीमुळें खारें पाणी आंत शिरत नाहीं, आणि खोबरें व पाणी ही कोंबाची शिदोरी होय. परंतु ठाण्याच्या खाडीकांठच्या व डोंबिवली-दिवा बाजूच्या खार जमिनीच्या शेतकऱ्यांस तिवराचें फळ अधिक कांहीं सांगतें. हें फळ करड्या-हिरव्या रंगाचें, चपटें व मध्यें फुगीर असतें. त्यांतील बी इतर बियांप्रमाणें झोंप घेत नाहीं. फळ झाडावर असतांनाच ती आंतल्या आंत रुजूं लागलेली असते. पावसाळ्यांत फळ गळून पाण्यांत पडतें, पातळ साल निघून जाते, आणि दोन जाड दळें मिटलेलें हें रोप भरतीओहोटीबरोबर तरंगत राहतें. जेथें पाणी संथ होऊन तें गाळावर टेकतें, तेथें तें लवकरच मूळ धरतें. वाहत्या प्रवाहांत मात्र त्यास ठाव मिळत नाहीं.

ह्यावरून शेतकऱ्यास एक उपयोगी खूण मिळते. खारबंदीच्या आंतल्या बाजूस तिवराचीं कोंवळीं रोपें ओळीनें दिसूं लागलीं, तर तीं तेथें वाऱ्यानें आलेलीं नाहींत. त्यांची ओळ ही भरतीच्या पाण्याची ओळ होय. म्हणजे बांधास कोठेंतरी भगदाड आहे किंवा उघाडीची झडप नीट बसत नाहीं, आणि भाताच्या खाचरांत खारें पाणी येऊं लागलें आहे. भात पिवळें पडण्याची वाट न पाहतां त्याच वेळीं बांध पाहावा. येथें एक सावधगिरी अवश्य आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २००५ सालीं तिवरांच्या तोडीस मनाई केली आहे. तेव्हां कोयता चालविण्यापूर्वीं, व बांधाची दुरुस्ती काढण्यापूर्वींही, सरकारी खात्याकडे विचारणा करावी.

तिसरी वाट फळाच्या स्वतःच्या जोराची. गौरीच्या सणांत आपण जो तेरडा घरीं आणतों, त्याचें पिकलेलें बोंड बोटानें नुसतें स्पर्शिलें तरी तें फुटून बिया हातावर उडतात. ह्या बोंडाच्या पांच पाकळ्या शिवणींवर जोडलेल्या असतात आणि त्यांच्या भिंतींत पाणी ताठ भरलेलें असतें. पिकल्यावर शिवणी कच्च्या होतात. किंचित् धक्का लागला कीं पाकळ्या एकदम आंत वळून गुंडाळल्या जातात, व त्या झटक्यानें बिया दोन-चार हात दूर फेंकल्या जातात. मलंगगडाच्या व येऊरच्या डोंगरांवरील कारवी हेंच काम निराळ्या रीतीनें करते. कित्येक वर्षांनीं एकदां तिला बहर येतो, पुढें तिचीं बोंडें वाळतात, आणि वाळलेल्या बोंडांस पहिल्या पावसाचा ओलावा लागला म्हणजे तीं तडतड आवाज करीत फुटतात. तेरड्याचें बोंड पाण्यानें ताठ होऊन फुटतें, कारवीचें सुकल्यावर ओलावा लागून फुटतें. पण दोहोंचा टप्पा थोडाच. म्हणून अशा वनस्पति पुंजक्यानें वाढतात, आणि पुंजका दरसाल कडेनें थोडथोडा पसरतो. असा पुंजका बांधावर दिसला तर पहिलीं बोंडें भरण्यापूर्वीं कडेपासून आंत कापीत जावें. बोंडें पिकल्यावर कोयता लावणें म्हणजे आपल्याच हातांनीं बी उडविणें होय.

चौथी वाट प्राण्यांची. तिचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार चिकटून जाण्याचा. आघाड्याचीं फळें दांड्यावर खालीं वळलेलीं असतात व त्यांस ताठ अणकुचीदार टोंकें असतात. जवळून जाणाऱ्या गुराच्या केसांत किंवा माणसाच्या धोतरांत तीं अडकतात आणि जेथें खाजविलें किंवा झटकलें जाईल तेथें पडतात. म्हणून आघाडा पायवाटेच्या कडेनें, गोठ्याभोंवतीं व गुरें बसण्याच्या जागीं दाट असतो. दुसरा प्रकार खाल्ले जाण्याचा. वड-पिंपळाच्या बारीक बिया पक्ष्यांच्या पोटांतून न मोडतां बाहेर पडतात, व जुन्या भिंतींच्या फटींत झाडें उगवतात. ह्याच प्रकारांतील बांडगुळ हें आंब्याच्या धन्यास सर्वांत महाग पडतें, म्हणून त्याची हकीकत थोडी विस्तारानें देतों.

डॉ. सालिम अली यांनीं कोंकणांतील बांडगुळाचा पक्ष्यांशीं असलेला संबंध पाहून त्यावर १९३१ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत लेख लिहिला. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांतील मध पिण्यास सूर्यपक्षी येतो व परागांची नेआण करतो. फळ खाण्यास फुलटोच्या येतो व बी पेरतो. फुलटोच्या हा चिमणीहून लहान, राखी रंगाचा पक्षी आहे. बांडगुळाच्या फळांत गोड गर असून त्याच्या आंत एकुलत्या बीभोंवतीं चिकट थर असतो. फळ गिळल्यावर गर पचतो, परंतु चिकट थर पचत नाहीं. कांहीं मिनिटांतच बी बाहेर येते, पण चिकटपणामुळें ती सहज गळून पडत नाहीं. ती सोडविण्यासाठीं पक्षी आपलें अंग डहाळीवर घांसतो, आणि बी डहाळीसच चिकटून बसते. जमिनीवर पडलेली बी फुकट जाते, तारेवर चिकटलेली वाळून मरते. डहाळीवरची मात्र रुजून सालींत आपलें शोषक मूळ घालते. पुढें झाडानें वर चढविलेलें पाणी व क्षार तीच ओढते, आणि तिच्या पुढील फांदी वाळत जाते. पक्षी फार दूर न जातां एका बांडगुळावरून दुसऱ्यावर फिरतो, म्हणून लागण त्याच झाडांत व शेजारच्या झाडांत वाढत जाते.

माझ्या परसांत दोन रायवळ आंबे आहेत. एका वैशाखांत मीं शिडी लावून बांडगुळाचे झुबके हातानें मोडून काढले व काम झालें असें समजलों. येथें दोन चुका झाल्या. फळें पिकून पक्ष्यांनीं बरींच खाल्लीं होतीं, म्हणजे पुढची पेरणी आधींच झाली होती. आणि झुबका मोडला तरी सालींतील मूळ राहिलें, त्यांतून पुनः पालवी फुटली. तिसऱ्या वर्षीं फुलें दिसतांच, फळ धरण्यापूर्वीं, बांडगुळ जेथें बसलें होतें तेथून वीतभर खालीं फांद्याच कापल्या. खोडाजवळ जेथें फांदी कापणें शक्य नव्हतें, तेथें वाढ फळावर येऊं न देतां वरचेवर छाटली. तरीही नव्या डहाळ्यांवर रोपें दिसत राहिलीं. शेवटीं शेजारच्या गृहस्थांशीं बोलणें केलें, कारण त्यांच्या आंब्यावर झुबके तसेच होते. मी जन्मभर हद्दीचे दगड व सर्व्हे नंबर लिहिले, परंतु फुलटोच्याला त्यांतला एकही ठाऊक नव्हता. दोन्ही परसांत एकाच हंगामांत छाटणी होऊं लागल्यावर लागण उतरली. अजिबात नाहींशी झाली असें म्हणतां येत नाहीं, कारण पक्षी आणखी पलीकडूनही येतात. लहान, कोंवळें बांडगुळ डहाळीसकट काढण्यास क्षणभर पुरतें. तेंच चार वर्षें राहिलें तर सबंध फांदी जाते.

ह्या वाटा अगदीं काटेकोर वेगळ्या असतात असें मात्र समजूं नये. तेरड्याची उडालेली बी ओहोळांत पडली तर पुढें पाण्यानें जाते, आणि आघाडा भाऱ्यांतूनही गांव बदलतो. म्हणून एका रोपावरून निर्णय न करतां अनेक रोपांची मांडणी पाहावी. आडोशाला विखुरलेलीं असल्यास वारा, पाण्याच्या रेषेंत असल्यास ओहोळ किंवा भरती, आईभोंवतीं पुंजक्यानें असल्यास फुटणारें बोंड, वाटेच्या कडेनें असल्यास गुरें व माणसें, आणि पक्षी बसण्याच्या जागेखालीं किंवा डहाळीवर असल्यास पक्षी. अशी पाहणी करून मग जवळचें एक पिकलेलें फळ फोडून पाहावें. केस, पंख, हवेचा थर, ताठ शिवण, कांटा किंवा चिकट गर यांपैकीं जें त्यांत सांपडेल, तें जमिनीवर दिसलेल्या मांडणीशीं जुळल्यास पंचनामा पुरा झाला असें समजावें, व पुढील हंगामीं तें फळ पिकण्यापूर्वींच कोयता हातीं घ्यावा.