फी आमच्यामार्फत घ्या, एक सत्र बघा

फेब्रुवारी-मार्च आला की खाजगी शाळा चालवणाऱ्या संस्थांना सॉफ्टवेअर कंपन्यांचे मेल यायला लागतात. 'तुमची शाळा डिजिटल करा' असा मथळा, खाली हसऱ्या मुलांचा फोटो, पालकांसाठी अ‍ॅप, संचालकांसाठी डॅशबोर्ड आणि सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत 'पहिलं सत्र मोफत'. अध्यक्ष तो मेल सचिवांकडे पाठवतात, सचिव मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक ऑफिसातल्या क्लार्ककडे. तिथून तो पुढे कुठेच जात नाही. कारण विश्वस्तांना जे विचारायचं असतं, त्यातलं एकही उत्तर त्यात नसतं. पालकाने भरलेला पैसा कोणाच्या खात्यात जाणार, संस्थेच्या खात्यात कधी येणार, मधल्या मध्ये किती कापला जाणार आणि जमलं नाही तर यातून बाहेर कसं पडायचं?

कंपनीचा विक्रेता समजतो की शाळेची अडचण 'पालक ऑनलाइन पैसे भरत नाहीत' ही आहे. आता तसं राहिलेलं नाही. ऑफिसच्या काचेवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, पालक तो स्कॅन करतात आणि निघून जातात. अडचण त्यानंतर सुरू होते. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ₹१२,००० जमा दिसतात, सोबत बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं नाव. ते नाव वडिलांचं असेल, मामाचं असेल, आईच्या माहेरच्या आडनावाचंही असेल. सहावी 'ब'मधल्या कोणत्या मुलाचे हे पैसे, हे स्टेटमेंट सांगत नाही. मग क्लार्कबाई व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले स्क्रीनशॉट एकेक उघडून संदर्भ क्रमांक ताडून बघतात, पावती पुस्तकात पावती फाडतात आणि फी रजिस्टरात खूण करतात. ज्याने स्क्रीनशॉट पाठवलाच नाही, त्याला फी भरूनही 'थकबाकी'चा निरोप जातो. विश्वस्तांच्या सभेपर्यंत पोचतं ते त्या पालकाचं भांडण. मूळ काम जुळवणीचं आहे आणि चांगला प्रस्ताव तिथूनच सुरू होतो.

कागदावर एक शाळा घेऊ. तालुक्याच्या गावातली, विनाअनुदानित, ८२० मुलांची. कंपनी म्हणते, जूनपासून दिवाळीपर्यंतच्या पहिल्या सत्रात फक्त पाचवी ते सातवीची फी आमच्या व्यवस्थेतून घ्या. या वर्गांत २४० मुलं आहेत, त्यांतली ४८ शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवरची. म्हणजे फी भरणारी १९२. सत्राची फी ₹१२,०००. विश्वस्तांना जाणारा मेल साधारण असा असायला हवा:

"मा. विश्वस्त मंडळ, स.न.वि.वि. पाचवी ते सातवीच्या १९२ विद्यार्थ्यांची पहिल्या सत्राची फी आमच्या प्रणालीतून घेऊन बघावी, अशी विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र लिंक जाईल, त्यामुळे पैसे कोणत्या मुलाचे हे भरतानाच ठरेल. पैसे आमच्या खात्यात येणार नाहीत. रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेल्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरमार्फत ते पुढच्या कामकाजाच्या दिवशी संस्थेच्या खात्यात जमा होतील. रोख आणि चेकची खिडकी सुरूच राहील. ३१ ऑक्टोबरला चाचणी आपोआप संपेल. पुढे चालू ठेवायची असल्यास मंडळाचा नवा ठराव लागेल."

फोटो नाही, डॅशबोर्ड नाही. पण यातल्या प्रत्येक वाक्यावर सभेत प्रश्न विचारता येतो.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य खात्याचं. दुसऱ्याच्या वतीने ऑनलाइन पैसे गोळा करून पुढे पोचवणाऱ्या मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम घालून दिले. अशा बिगर-बँक मध्यस्थाला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि लोकांचा पैसा स्वतःच्या पैशात न मिसळता बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावा लागतो. शाळेला सॉफ्टवेअर देणारी कंपनी बहुतेक वेळा स्वतः असा मध्यस्थ नसते. ती एखाद्या परवानाधारकाची सेवा आपल्या प्रणालीला जोडते. त्यात गैर काही नाही, पण त्या परवानाधारकाचं नाव मेलमध्ये असलं पाहिजे आणि त्याच्याकडे 'व्यापारी' म्हणून नोंद संस्थेची झाली पाहिजे. 'फी आमच्या खात्यात घेऊ आणि दर आठवड्याला तुम्हाला वळती करू' असं कोणी लिहिलं असेल, तर पुढचं वाचण्याची गरज नाही. ती कंपनी उद्या बुडाली, तर १९२ पालकांची फी तिच्या देणेकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहील.

नोंद संस्थेच्या नावाने करायची म्हणजे न्यासाचं नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, रद्द केलेला चेक आणि सही कोण करणार याचा ठराव, एवढे कागद लागतात. ठरावावरचे विश्वस्त आणि धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीतले विश्वस्त जुळले नाहीत की प्रकरण अडतं. बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असलेल्या संस्था आपल्याकडे थोड्या नाहीत. म्हणून जूनच्या चाचणीचा मेल मेअखेरीस पाठवणाऱ्या कंपनीने शाळेचं ऑफिस कधी आतून पाहिलेलं नाही, असं खुशाल समजावं.

आता पैसे कापले जाण्याकडे वळू. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याला लागणारं शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. शिक्षण संस्थांसाठी यूपीआयची मर्यादाही एका व्यवहाराला ₹५ लाखांपर्यंत वाढलेली आहे, म्हणजे सत्राची फी एका दमात भरता येते. शुल्क लागतं ते मुख्यतः क्रेडिट कार्ड आणि नेटबँकिंगवर. समजा, क्रेडिट कार्डाचा दर १.८ टक्के ठरला. ₹१२,००० वर ₹२१६, त्यावर १८ टक्के जीएसटी ₹३८.८८, मिळून ₹२५४.८८. हे कोणी भरायचे?

विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर असतं 'पालक'. इथे विश्वस्तांनी थांबावं. महाराष्ट्रात शुल्क विनियमन कायदा आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून ठरते आणि ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. पालकाच्या मोबाइलवर शाळेच्या नावाखाली ₹१२,२५४.८८ आले की वरचे पैसे बँकेचे की शाळेचे, हा खुलासा ऐकायला कोणी बसत नाही. माझं मत विचाराल तर चाचणीच्या सत्रात क्रेडिट कार्डाचा पर्याय बंदच ठेवावा, नाहीतर ते शुल्क संस्थेने सोसावं. मुलाची फी कार्डावर भरू इच्छिणारे पालक तालुक्याच्या गावात असतील तरी मोजकेच.

संस्थेने सोसायचं ठरवलं तर जुळवणीचं नवं कोडं तयार होतं, तेही बघून ठेवावं. एका दिवशी ३३ पालकांनी फी भरली, त्यांतल्या चौघांनी कार्डाने. एकूण ₹३,९६,०००. दुसऱ्या दिवशी बँकेत एकच ओळ उमटते: ₹३,९४,९८०.४८. फरक ₹१,०१९.५२ चा. पूर्वी ३३ ओळी आणि नावांचा पत्ता नाही. आता एक ओळ आणि आकडाही न ओळखीचा. या ओळीसोबत रोज एक तक्ता आला पाहिजे, ज्यात ३३ मुलांची नावं, पावती क्रमांक, प्रत्येकाची रक्कम आणि कापलेलं शुल्क असेल. ऑडिटर विचारेल तो हाच. फीची आवक पूर्ण ₹३,९६,००० दाखवून शुल्क खर्चात टाकायचं असतं. निव्वळ जमा रक्कमच आवक म्हणून लिहिली तर फी रजिस्टर आणि कीर्द वर्षभर एकमेकांशी भांडत राहतात. मेलसोबत अशा तक्त्याचा नमुना जोडलेला नसेल, तर तो आधी मागवून क्लार्कबाईंना दाखवावा. 'चालेल' की 'नाही चालणार' हे त्या दोन मिनिटांत सांगतील.

चाचणी फसते ती बहुतेकदा भावंडांमुळे. दादा आठवीत, धाकटी सहावीत. धाकटीची लिंक आली, बाबांनी दोघांची मिळून ₹२४,००० भरायचा प्रयत्न केला. लिंक ₹१२,००० च घेणार. मग उरलेले काचेवरच्या क्यूआरवर, आणि तिथे पुन्हा जुनाच घोळ. याला साधा उपाय आहे: वर्ग जरी तीन घेतले, तरी त्या मुलांच्या इतर वर्गांतल्या भावंडांनाही चाचणीत घ्यावं. दुसरी जागा राखीव जागांवरच्या ४८ मुलांची. त्यांची नावं यादीत 'फी बाकी' म्हणून चढली आणि एखाद्या मजुराच्या फोनवर ₹१२,००० चा तगादा गेला, तर चूक संगणकाची होती हे सांगून भागत नाही. पहिला संदेश सुटण्यापूर्वी यादी वर्गशिक्षकांनी डोळ्यांखालून घालावी, अशी अट मेलमध्येच असावी.

पैसे कापले गेले पण पावती आली नाही, असंही घडणार. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटची खातरजमा झाली नाही, तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत जावेत आणि पुढे उशीर झाल्यास दिवसाला ₹१०० भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासूनचा नियम आहे. घाबरलेला पालक मात्र पाच मिनिटांत दुसऱ्यांदा भरतो. दोनदा आलेली फी परत कोण करणार, किती दिवसांत आणि पालकाने फोन कोणाला करायचा, याचं उत्तर 'सपोर्ट टीम' असं नसावं. एक माणूस, एक नंबर.

मोफतचंही बघू. सॉफ्टवेअर फुकट देणारी कंपनी पुढे प्रत्येक व्यवहारामागे काही घेते किंवा फी हप्त्यांत भरण्याचं कर्ज पालकांना सुचवून कर्ज देणाऱ्याकडून कमिशन घेते. पहिल्या प्रकाराचा हिशेब सोपा आहे. चाचणीनंतर दर व्यवहाराला ₹१५ अधिक जीएसटी, म्हणजे ₹१७.७०. पूर्ण शाळेत फी भरणारी ६५० मुलं धरली तर दोन सत्रांचे ₹२३,०१० होतात. ते परवडतात की नाही हे संस्थेने ठरवावं, पण आकडा पहिल्याच मेलमध्ये हवा, सवय लागल्यानंतर नको. दुसरा प्रकार मला जास्त खटकतो. कोणाची फी दर सत्राला उशिरा येते ही यादी सावकारी करणाऱ्याच्या दृष्टीने फार किमती आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सगळे मूल धरले जातात आणि त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिरातींना मनाई आहे. पालकांचे नंबरही शाळेने फीसाठी घेतलेले असतात, कर्जाच्या फोनसाठी नव्हेत. 'ही माहिती फीवसुलीशिवाय कशासाठीही वापरणार नाही आणि चाचणी संपल्यावर तीस दिवसांत पुसून तसं लेखी कळवू' हे वाक्य कंपनीकडून घ्यावंच.

राहिला चाचणीचा निकाल. 'नव्वद टक्के पालकांनी ऑनलाइन भरलं' हा आकडा कंपनी मोठ्या अभिमानाने दाखवेल, पण ते आधीही ऑनलाइनच भरत होते. मोजायचं ते वेगळं. फीच्या शेवटच्या तारखेनंतर दहाव्या दिवशी किती रकमा कोणाच्या हे ठरलेलं नाही? फी भरूनही तगादा गेल्याच्या किती तक्रारी आल्या? क्लार्कबाईंना रोज संध्याकाळी जुळवणीला किती वेळ बसावं लागलं? हे आकडे मागच्या वर्षीच्या पहिल्या सत्राचे आधी काढून ठेवले नाहीत, तर तुलना कशाशी करणार? जुनी स्टेटमेंट आणि पावती पुस्तकं एप्रिलमध्ये हाताशी असतात, तेव्हाच हे उरकावं.

आणि चाचणीतल्या सगळ्या पावत्या, क्रमांक आणि तारखांसह, एक्सेलमध्ये ३१ ऑक्टोबरच्या आत संस्थेच्या हाती आल्या पाहिजेत. दुसऱ्या सत्राची फी दिवाळीच्या सुटीनंतर लगेच सुरू होते, आणि मंडळाची सभा त्याआधी लावायची तर सुटीत गावी गेलेल्या विश्वस्तांची गणसंख्या जमवायचं काम सचिवांना आत्तापासूनच करावं लागेल.