धूर आला, तर आधी दार

बालवाडीतल्या मुलाला विचारा, "आग लागली तर काय करायचं?" उत्तर तयार असतं: "फायर ब्रिगेडला फोन!" नंबर विचारला तर तोही घडाघडा सांगतो. मग आईचा लॉक केलेला फोन त्याच्यापुढे धरा आणि विचारा, "कुठे दाबायचं, दाखव." इथे बहुतेक मुलं अडखळतात. फोन उघडायला बोटाचा ठसा किंवा पॅटर्न लागतो आणि तो आईचा असतो. नंबर पाठ असूनही उपयोग होत नाही.

लहान मुलांच्या अग्निसुरक्षेतली खरी अडचण हीच आहे. सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहतं, पण वेळ आली की हातून घडत नाही. रसेल जोन्स आणि अ‍ॅलन काझडिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली मुलांना आणीबाणीचा फोन कसा आणि कधी करायचा हे शिकवण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी फोन करण्याचे छोटे छोटे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्पा मुलांकडून करून घेतला. पुढे रेमंड मिल्टनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत दिसलं, की "बंदुकीला हात लावायचा नाही" हे तोंडपाठ सांगणारी मुलंही एकटी असताना समोर पडलेली बंदूक उचलतात. त्यांची पद्धत चार पायऱ्यांची होती: सांगणं, करून दाखवणं, करवून घेणं आणि तिथल्या तिथे चूक दुरुस्त करणं. नंतर मुलाला न कळवता परीक्षा. लायटरच्या बाबतीतही हीच पद्धत वापरली गेली आहे. घरी ती कशी करायची, ते पाहू.

काडेपेटी: हात मागे, पाय मागे, मोठ्यांना हाक

आपल्या घरात काडेपेटी लपवलेली नसते. एक देवघरात समईशेजारी, एक ओट्यावर, पावसाळ्यात लाइट जातात म्हणून एखादी मेणबत्तीजवळ. शिवाय आपणच मुलाला म्हणतो, "बाळा, जरा काडेपेटी आण गं." आजीला पूजेत मदत केल्याचं कौतुकही होतं. मग तीच मुलगी एकटीने काडेपेटी उघडते तेव्हा रागावतो. चार वर्षांच्या मुलीला या दोन प्रसंगांतला फरक कळत नाही. म्हणून पहिला बदल मोठ्यांनी करायचा: काडेपेटी, लायटर, उदबत्ती पेटवणं यांतलं काहीही मुलाला आणायला किंवा धरायला सांगायचं नाही. या वस्तू झाकणाच्या डब्यात, मुलाचा हात स्टुलावर चढूनही पोचणार नाही अशा फळीवर ठेवायच्या.

गॅसच्या लायटरकडे विशेष लक्ष हवं. त्यातून ज्योत येत नाही, नुसती ठिणगी उडते, म्हणून आपण त्याला निरुपद्रवी समजतो. मुलाला तर तो टक्-टक् वाजणारं खेळणंच वाटतो. पण बटण चुकून चालू राहून गॅस साचला असेल, तर पेट घ्यायला तेवढी ठिणगी पुरते. खिशातला सिगारेटचा लायटर आणखी धोक्याचा. त्यात ज्योत आहे, आणि तो बाबांच्या पँटसोबत खुंटीवर लटकलेला असतो.

आता सराव. टेबलावर रिकामी काडेपेटी ठेवा. आधी तुम्ही करून दाखवा: ती दिसली, दोन्ही हात मागे घेतले, दोन पावलं मागे सरकलो आणि मोठ्याने म्हणालो, "आई, इथे काडेपेटी आहे!" मग मुलाला करू द्या. हात पुढे गेलाच, तर न ओरडता पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच दिवसांनी काही न सांगता तीच रिकामी पेटी सोफ्यावर ठेवा आणि दाराआडून पाहा. मूल तुम्हाला बोलवायला आलं, तर शिकलं. पेटी हलवून पाहू लागलं, तर बाहेर या आणि तिथल्या तिथे सराव घ्या.

सांगायला आलेल्या मुलाला कधीही "तू तिथे काय करत होतास?" असं दरडावू नका. आगीशी खेळणारी मुलं अनेकदा पलंगाखाली किंवा कपाटाच्या आडोशाला, म्हणजे नेमकी गाद्या-कपड्यांजवळ बसतात. काही पेटलं तर माराच्या भीतीने तिथेच लपून राहतात. "तुझ्या हातून झालं असलं तरी आधी पळत बाहेर ये, कोणी रागावणार नाही," हे वाक्य त्यांनी आधीपासून, पुन्हा पुन्हा ऐकलेलं असायला हवं.

धुराचा वास: कोणता आपला, कोणता परका

"धुराचा वास आला तर सांग," असं म्हणणं आपल्या घरात पुरत नाही. सकाळी उदबत्ती, संध्याकाळी धूप, मध्ये फोडणीचा ठसका, रात्री डासांची कॉइल. धूर रोजचाच. अशा घरातल्या मुलाला परका धूर ओळखायचा असेल, तर दोन प्रश्न शिकवा: हा वास कुठून येतोय ते मला दिसतंय का? आणि तिथे मोठं माणूस आहे का? आजी देवघरात धूप घालतेय, तर दोन्हींचं उत्तर "हो". बंद खोलीतून वास येतोय किंवा गॅसवर काही करपतंय आणि स्वयंपाकघरात कोणी नाही, तर लगेच मोठ्यांना सांगायचं. वास कसला याचा निवाडा मुलाने करायचा नाही. चुकीची वर्दी दिली तरी शाबासकीच द्यायची.

ओळख करून देण्यासाठी मोठ्यांनी बाहेर अंगणात किंवा गॅलरीत कागदाचा कपटा आणि सुती चिंधी वेगवेगळी जाळावी, पूर्ण विझवून गार झाली की झाकणाच्या डब्यांत ठेवावी. तिसऱ्या डब्यात उदबत्तीची राख. मुलाने डोळे मिटून कोणता डबा कोणता ते ओळखायचं. प्लास्टिक किंवा वायर मात्र जाळून दाखवू नका, त्यांचा धूर विषारी असतो. बटणाच्या बोर्डातून तिखट किंवा मासळीसारखा वास येऊ लागला, तर आतलं काही तापलेलं असू शकतं, हे तोंडी सांगितलेलं बरं. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं द्रव्य मिसळतात. तो वास आला तर मुलाने दिव्याचं बटण चालू किंवा बंद करायचं नाही, फक्त मोठ्यांना हाक मारायची आणि बाहेर जायचं.

या धड्याची एक मर्यादा पालकांना ठाऊक हवी. झोपलेलं नाक राखण करत नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्कॅडन आणि रेचेल हर्झ यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाढ झोपेतल्या माणसांना पिरिडिनच्या उग्र वासानेही जाग आली नाही. म्हणून रात्रीसाठी धूर ओळखून वाजणारा अलार्म हवा. मुलं मात्र अलार्म वाजूनही झोपून राहू शकतात. रात्री त्यांना उठवून बाहेर काढणं हे कोणत्या मोठ्या माणसाचं काम, ते आधी ठरलेलं असावं.

एक-एक-दोन

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२ हा एकच नंबर लहान मुलाला पुरेसा आहे. तो "एकशे बारा" म्हणून शिकवू नका. फोनच्या पाटीवर "एकशे बारा" असं बटण नसतं. "एक-एक-दोन" असंच म्हणायचं. मराठी शाळेतलं मूल १ आणि २ असे आकडे गिरवतं, फोनवर मात्र 1 आणि 2 दिसतात, तेही त्याला दाखवायला हवं.

लॉक असलेल्या फोनवरूनही हा नंबर लागतो. पडदा वर सरकवला की खाली "आणीबाणी" किंवा "इमर्जन्सी" अशी अक्षरं येतात. ती दाबली की आकड्यांची पाटी येते. मुलाला वाचता येत नसेल, तर जागा बोटाने दाखवा. आकडे आणि हिरवं बटण दाबण्याचा सराव कागदावर काढलेल्या पाटीवरच करा. सिम काढलेला जुना फोन नको, त्यावरूनही आणीबाणीचा कॉल लागू शकतो. चुकून लागलाच तर घाईने कापू नका, "चुकून लागला" असं सांगा. नाहीतर पलीकडचा माणूस काय झालं म्हणून परत फोन करत राहतो.

महाराष्ट्रात ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि तिथून तुमच्या भागातल्या गाडीला निरोप जातो. फोन घेणाऱ्याला "मारुतीच्या देवळासमोर" एवढ्याने बोध होत नाही. मुलाला गावाचं किंवा शहराचं नाव आधी आणि मग रस्ता, इमारत, मजला असा पत्ता एका दमात म्हणता यायला हवा.

समजा, नाशिकमधली सहा वर्षांची सई आजीसोबत घरी आहे. आजी दुपारची झोपली आहे आणि आतल्या खोलीतून जळका वास येतोय. सई दार उघडून पाहायला जात नाही. ती आजीला हलवून उठवते, "आजी, धूर, बाहेर चल!" धूर खोलीत उतरला असेल तर दोघी वाकून किंवा रांगत जातात, कारण गरम धूर वर चढतो आणि जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात बरी असते. बाहेर पडल्यावर दार ओढून घेतात. लिफ्ट टाळून जिन्याने उतरतात, जाता जाता शेजारच्या काकूंची बेल दाबतात. फोन इमारतीखाली उभं राहून, काकूंच्या मोबाइलवरून.

"काय झालं बाळा?"
"आमच्या घरात आग लागलीय."
"कुठे राहतेस?"
"नाशिक, गंगापूर रोड, साईकृपा सोसायटी, तिसरा मजला."
"घरात कोणी आहे का?"
"नाही, मी आणि आजी खाली आलोय."

पलीकडचा माणूस ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. विसरलेली बाहुली किंवा मांजर आणायला परत वर जायचं नाही.

हा सराव घरात करून पाहिला की एक वेगळीच गोष्ट लक्षात येते. सईला बाहेरच्या जाळीच्या दाराची वरची कडी पोचते का? दुपारी ते दार आतून कुलूप लावून किल्ली आजीच्या कमरेला असते का? आजी उठलीच नाही, तर सईला एकटीला बाहेर पडता येईल का? तिला नंबर पाठ असो, वास ओळखता येवो, काडेपेटीला हात न लावण्याची सवय लागो, कडी पोचत नसेल तर तिची सुटका दाराशीच थांबते. म्हणून सराव झाला की त्याच दिवशी कडी खाली बसवून घ्या आणि किल्ली मुलाला माहीत असलेल्या, दाराजवळच्या खिळ्यावर टांगा.