आधी थायमिन, मग ताट

समजा, वर्षानुवर्षं दारू पिणारा, दहा दिवस जेमतेम जेवलेला 40 किलोचा रुग्ण वॉर्डात आला. नातेवाईक म्हणतात, "आधी पोटभर खाऊ घाला." धोका तिथेच असतो. साखरेपासून ऊर्जा मिळवायला थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व लागतं आणि त्याचा साठा संपत आलेला असतो. एकदम जेवण मिळालं, तर उरलंसुरलंही संपून मेंदूला इजा होते. भ्रमिष्टपणा, डोळ्यांची विचित्र हालचाल, तोल जाणं ही तिची लक्षणं. म्हणून थायमिन आधी, तेही शिरेतून, कारण दारूने बिघडलेलं आतडं गोळी नीट शोषत नाही. रक्तातली साखर फार घसरली असेल, तर मात्र ग्लुकोज अडवत नाहीत. दोन्ही सोबत देतात.

मॅग्नेशियमही तपासतात. ते कमी असेल, तर दिलेलं थायमिन नीट काम करत नाही.

जेवण किलोमागे 10 कॅलरींपासून, म्हणजे दिवसाला 400 पासून सुरू करून चार ते सात दिवसांत वाढवतात. अन्न मिळताच फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत शिरतात, रक्तात घटतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून रोज रक्ततपासणी होते.

घरच्यांनी डबा भरवण्यापूर्वी वॉर्डात विचारावं आणि दारूचं प्रमाण लपवू नये.