वाय-फाय जोडलं, तरी नेट का नाही?

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मोबाइलवर वाय-फायची खूण दिसे, पण व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जाईना. त्या बिल्डिंगचं वाय-फाय सगळ्यांना एकच आहे. आपल्या फ्लॅटचं लॉगिन भरलं की मगच नेट सुरू होतं. ते भरायचं पान तिच्या फोनवर आपोआप उघडलंच नव्हतं. आम्ही तिला मोबाइल डेटा बंद करून ब्राउझरमध्ये http://neverssl.com टाकायला सांगितलं. https ची सुरक्षित पानं मध्येच वळवता येत नाहीत. हे साधं पान वळतं आणि त्याजागी लॉगिनचं पान येतं. तसंच झालं. मात्र आपलं लॉगिन शेजारी देऊ नका. त्यांचा वापरही आपल्याच फ्लॅटच्या नावावर नोंदला जातो.