यूपीआय लाइट: पिन कुठे लागतो, कुठे नाही

भाजीवाल्याला ४० रुपये देताना पिन टाकावा लागत नाही, ही यूपीआय लाइटची खरी सोय. आधी बँक खात्यातून थोडी रक्कम लाइटमध्ये भरायची. ही रक्कम भरताना मात्र पिन लागतो. मग एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचे पैसे पिनशिवाय जातात. लाइटमध्ये एकूण ५,००० रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. ही मर्यादा आपल्या फायद्याचीच आहे, कारण फोन उघडा सापडला तर ही शिल्लक कोणीही खर्च करू शकतो. म्हणून स्क्रीन लॉक हवंच. फोन बदलण्याआधी लाइट बंद करा, म्हणजे उरलेली रक्कम खात्यात परत येते.

फसवणूक होते ती फोनवरून. ‘तुमचं लाइट चालू झालंय, ५०० रुपये कॅशबॅक घ्यायला पिन टाका,’ असं कोणी सांगितलं की तिथेच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. अशा वेळी पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. स्क्रीनवर ‘Pay’ दिसतंय का, एवढं पाहिलं तरी पुरे. ओटीपी तर बँकेच्या माणसालाही सांगायचा नाही. नवा पिन ठरवताना तोच लागतो.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता जास्त.